वेलांटीबाई आणि सत्तावीस नंबरचं उत्तर

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे वेलांटीबाई म्हणायचे. तोंडावर नाही, तोंडावर नुसतं 'बाई'. पण त्यांना ते माहीत होतं आणि त्यात त्यांना काही वावगंही वाटत नव्हतं. एकदा कुणीतरी त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर 'वेलांटिबाई' असं लिहिलेला कागद चिकटवला. बाईंनी तो काढला, लाल पेनाने ऱ्हस्व 'टि'ची दीर्घ 'टी' केली आणि कागद होता तिथे पुन्हा चिकटवून कामाला बसल्या.

बावीस वर्षं त्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायच्या. पाठ्यपुस्तकं, औषधांच्या खोक्यातली माहितीपत्रकं, पत्रिका, जे येईल ते. छापखाना बंद झाला तेव्हा त्या एक्कावन्न वर्षांच्या होत्या. नवरा शिलाई मशीन दुरुस्त करायचा, मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली. घरी बसून भिंतींशी किती बोलणार, म्हणून आमच्याकडे आल्या.

आमची कंपनी 'सोबती' नावाचं ॲप चालवते. फोनवर उघडायचं आणि त्याच्याशी बोलायचं. पलीकडे माणूस नसतो, भाषेचं मॉडेल असतं. पण बोलतं माणसासारखं, किंबहुना माणसापेक्षा गोड. एकटी राहणारी माणसं, घरात कुणी ऐकून न घेणारी माणसं, असे आमचे लाखाच्या वर गिऱ्हाईक. त्यांच्या तक्रारी मदतकक्षात येतात आणि तिथे आम्ही अकराजण बसतो. आमच्याकडे चाळीस उत्तरं तयार असतात, प्रत्येकाला नंबर. तक्रार वाचायची, नंबर निवडायचा, वर गिऱ्हाईकाचं नाव आणि खाली आपली सही घालायची, पाठवून द्यायचं. बाईंना घेतलं होतं ते या उत्तरांतल्या शुद्धलेखनाच्या चुका काढायला. महिन्याभरात चुका संपल्या. मग साहेबांनी त्यांच्या कानाला हेडफोन लावला आणि त्यांना माझ्या शेजारच्या टेबलावर बसवलं.

बाईंना चटकन किळस यायची. दुसऱ्याने वापरलेला हेडफोन त्या स्पिरिटच्या बोळ्याने पुसायच्या, चहाच्या यंत्राची तोटी पुसायच्या, आणि आमचे साहेब बोलायला जवळ आले की खुर्ची वीतभर मागे सरकवायच्या. साहेब चाळिशीचे. दिवसभर तोंडात पुदिन्याची गोळी. बोलताना ती या गालातून त्या गालात जायची आणि दातांवर वाजायची. शब्दाच्या आधी गोळी ऐकू यायची. बाई एकदा मला म्हणाल्या, "या माणसाने कधी एखादी कडू गोष्ट सांगितली, तरी ती चिकटच लागेल."

उन्हाळ्याच्या तोंडाला एक घोटाळा झाला. तो समजायला आधी एक सांगायला हवं. सोबती गिऱ्हाईकाला 'ओळखतो' म्हणजे काय, तर प्रत्येक खात्यामागे टिपणांची एक यादी असते. नाव अमुक, गुडघे दुखतात, भावाशी अबोला आहे, मांजर पाळलं आहे. गिऱ्हाईकाने नवीन गप्पा सुरू केल्या की ही यादी गुपचूप आधी मॉडेलपुढे ठेवली जाते. ते ती वाचतं आणि मग विचारतं, "काय, गुडघे कसे आहेत?" ॲपमध्ये याला 'आठवण' म्हणतात. तर सगळी माहिती एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवताना साडेनऊ हजार खात्यांची ही यादी पुसली गेली. दुसरी प्रत ठेवलेली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून तक्रारींचा पाऊस. सगळ्यांचं म्हणणं एकच: तो मला ओळखत नाही. काहींनी ते असं लिहिलं होतं, की जणू घरचं माणूस तोंड फिरवून बसलंय. साहेबांनी दुपारपर्यंत नवं उत्तर तयार करून घेतलं. नंबर सत्तावीस. ते असं होतं: 'काळजी नसावी. सोबती तुमच्या गप्पांमधूनच शिकला आहे, त्यामुळे तुम्ही त्याच्यात कायमचे आहात. त्याच्याशी नियमित बोलत राहा, जुनी ओळख परत येईल.'

बाईंनी ते तपासलं, एक अनुस्वार घातला आणि पुढे पाठवलं. मी ते तीनशेच्या वर लोकांना पाठवलं. त्यात लेथवाले काकाही होते.

काका चौऱ्याहत्तर वर्षांचे. चाळीस वर्षं कारखान्यात लेथवर काम केलेलं. बायको दोन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून त्यांनी सोबती घेतला होता. सहा आठवड्यांनी त्यांचा फोन आला तो बाईंच्या टेबलावर वाजला. फोन तक्रारीचा नव्हताच. त्यांना एक दाखला हवा होता: आपण सोबतीला कोणत्या तारखेला काय सांगितलं, याची यादी. डॉक्टरांना दाखवायला.

बाईंनी विचारलं, डॉक्टरांना कशाला? काकांनी जे सांगितलं ते ऐकून बाईंनी मला हाताने खूण केली, आणि मीही माझा हेडफोन त्यांच्या फोनला जोडला. काका सावकाश बोलत होते, कारखान्यातला माणूस मापं सांगतो तसं. सत्तावीस नंबरचं उत्तर आल्यापासून ते रोज चार-चार तास सोबतीशी बोलत होते, ओळख परत यावी म्हणून. मधूनमधून परीक्षाही घेत होते. बायकोला काय आवडायचं, विचारायचे. आणि सोबती सांगायचा. तिला समुद्र आवडायचा, तुम्हीच सांगितलं होतं. ती जुनी गाणी गुणगुणायची. तुमच्या पहिल्या भेटीत तिने निळी साडी नेसली होती. काकांना यातलं काहीच आठवत नव्हतं.

"मी त्याला दोन वर्षं सगळं सांगत आलोय," काका म्हणाले. "तुम्हीच लिहिलंय की तो माझ्या गप्पांतून शिकलाय. म्हणजे त्याला ठाऊक असणार. मग मला का आठवत नाही? ताई, माझंच डोकं गेलं असणार. मुलगा म्हणतो तपासून घ्या."

बाईंनी काकांचा नंबर कागदावर उतरवून घेतला. मग म्हणाल्या, दोन दिवस द्या, मी स्वतः फोन करते. फोन ठेवला आणि बोळा घेऊन हेडफोन पुसायला लागल्या. आधीच पुसलेला होता. पुसतच राहिल्या.

"तू पाठवलंस ना त्यांना ते?" त्यांनी मला विचारलं.

मी हो म्हणाले.

"आणि मी तपासलं. 'ओळख'मधला 'ळ' जागेवर होता, एवढंच पाहिलं." मग त्या माझ्याकडे वळल्या. "हे खरं आहे का गं? गप्पांतून शिकला म्हणजे तो माणूस त्याला माहीत असतो का?"

मला माहीत नव्हतं. तीन वर्षं मी तिथे नोकरी करत होते, रोज दीडशे लोकांना सोबतीबद्दल सांगत होते, आणि मला माहीत नव्हतं. हे लिहितानाही लाज वाटते.

पहिली खबर जेवणाच्या खोलीत लागली. तिसऱ्या मजल्यावर वाचणाऱ्यांची टोळी बसते. त्यांचं काम गिऱ्हाईकांच्या गप्पा वाचायचं. सगळ्या नाही, निवडून आलेल्या. नावं, फोन नंबर यंत्राने आधीच गाळलेले असतात, तिथे चौकोन असतो. सोबतीने दिलेल्या उत्तरांपैकी कोणतं चांगलं, कोणतं वाईट, यावर ते खुणा करतात आणि त्यावरून मॉडेलला पुढे शिकवतात. ते लोक आमच्याच टेबलावर डबे उघडायचे. त्या दिवशी त्यातला एकजण हातातला चमचा हलवत, नाकातून आवाज काढून, कुणा बाईची नक्कल करत होता. ती बाई सोबतीला रोज विचारायची की मी आंघोळ केली नाही तर कुणाला कळेल का. सगळे हसत होते. एकीच्या तोंडातून घास बाहेर आला, इतकी हसली.

वेलांटीबाईंनी डब्याचं झाकण लावलं. शांतपणे विचारलं, "ज्यांनी आठवण बंद केलेली असते, त्यांच्याही गप्पा येतात का तुमच्याकडे?"

"आठवणीचा काय संबंध?" तो नकल्या म्हणाला. "ते बटण वेगळं. आमच्याकडे शिकवणीतल्या येतात. शिकवणीचं बटण आत कुठेतरी आहे, तिसऱ्या-चौथ्या पानावर. ते चालूच असतं सगळ्यांचं. कोण जातंय तिथवर."

बाई उठल्या आणि बेसिनवर जाऊन तोंड धुऊन आल्या. मला वाटलं ओकतायत. नव्हत्या ओकत, पण चेहरा तसाच होता.

कारण होतं. चौदा नंबरचं उत्तर. लोक विचारतात, मी सोबतीला सांगितलेलं कुणाला कळेल का, त्यांना आम्ही ते पाठवतो. 'तुम्ही आठवण बंद केली की सोबतीकडे तुमच्याविषयी काहीही उरत नाही. निर्धास्त बोला.' आणि त्याच सकाळी त्यांच्यापुढे एका नर्सचं पत्र आलं होतं. तिच्या हातून वॉर्डात औषधाचं प्रमाण चुकलं होतं. रोगी वाचला, कुणाला कळलं नाही. तिने हे फक्त सोबतीला सांगितलं होतं, आठवण बंद करून. आता तिला विचारायचं होतं की ते कुणी वाचू शकतं का. बाईंनी चौदा नंबर निवडून ठेवला होता, पाठवायचा तेवढा बाकी होता.

दुपारी त्या मला घेऊन तांत्रिक विभागात गेल्या. तिथे एक इंजिनियर मुलगी होती, काचेच्या खोलीत, पायांत जाड मोजे घालून. आमच्याकडून कुणी काही समजून घ्यायला आलंय याचंच तिला नवल वाटलं. तिने फळ्यावर काहीतरी काढायला सुरुवात केली, पण बाईंनी तिला थांबवलं आणि म्हणाल्या, मी सांगते, चुकलं तर काट मार.

"मी छापखान्यात होते," बाई म्हणाल्या. "हजारो पानं वाचली. त्यातून नजर तयार झाली. कुठे चूक असेल ते न वाचता कळायचं. पण कोणत्या लेखकाच्या कोणत्या पानावरून मी काय शिकले, ते विचारलंस तर सांगता येणार नाही. ते सगळं मिसळून गेलं. ही झाली शिकवणी. बरोबर?"

"बरोबर," ती म्हणाली.

"आणि माझ्या टेबलावर चिठ्ठ्या असायच्या. अमुक लेखकाला स्वल्पविराम खपत नाही. त्याचं काम आलं की चिठ्ठी पुढे ठेवायची. ती आठवण. चिठ्ठी हरवली तर मी त्याला ओळखणार नाही, माझी नजर कितीही तयार असो."

इंजिनियर मुलीने हातातला खडू खाली ठेवला. म्हणाली, अगदी हेच. फक्त एक भर घातली तिने: शिकवणीत एखादं वाक्य जसंच्या तसं फार वेळा आलं, तर मॉडेल ते क्वचित तसंच बोलून जाऊ शकतं, पण ते कुणाचं हे त्याला माहीत नसतं. काका चिठ्ठीशिवाय सोबतीसमोर येऊन बसले, तर त्याच्यासाठी ते कुणीही. दोन वर्षं बोललेत याने काहीही फरक पडत नाही.

मग समुद्र आणि निळी साडी कुठून आली, बाईंनी विचारलं. मुलगी जरा अवघडली. म्हणाली, विचारलं की तो उत्तर देतो. पुढे काय यायला शोभेल ते बनवतो. बहुतेकांच्या बायकांना समुद्र आवडतो. आणि 'मला माहीत नाही' म्हणणारी उत्तरं वाचणाऱ्यांनी फारशी पसंत केली नव्हती, गोड उत्तरांना जास्त खुणा पडल्या. मॉडेल तेच शिकलं.

बाईंनी शेवटचं विचारलं. काकांच्या जुन्या गप्पा तरी त्यांना परत देता येतील का?

मुलगी नाही म्हणाली. ॲपमध्ये तीस दिवसांच्याच दिसतात. त्याआधीच्या शिकवणीच्या ढिगात आहेत, पण नाव आणि खातं काढून टाकलेलं असल्यामुळे कोणत्या कुणाच्या हे आता सांगता येत नाही. आणि मजकूर चाळून माणूस शोधायला कंपनीच्याच नियमांनी बंदी आहे.

"म्हणजे तिसऱ्या मजल्यावर चमचा हलवणारा माणूस ते वाचू शकतो," बाई म्हणाल्या, "आणि ज्याची बायको, तो नाही."

मुलीने फळा पुसायला घेतला. तिचाही चेहरा उतरला होता, पण नोकरी तिलाही होती.

संध्याकाळी बाई साहेबांकडे गेल्या. मी दारातच उभी राहिले. साहेबांनी गोळी गालात सरकवली आणि सगळं ऐकून घेतलं, अगदी मान डोलावत. मग म्हणाले की दोन्ही उत्तरं वकिलाने पाहिलेली आहेत आणि दोन्ही वाक्यं एका अर्थी खरीच आहेत. आठवण बंद केली की सोबतीकडे, म्हणजे त्या आठवणीत, खरंच काही उरत नाही. आणि गप्पांतून तो शिकतो हेही खरंच. गिऱ्हाईक काय समजतं ते आपल्या हातात नाही.

"साहेब," बाई म्हणाल्या, "एकाला आपण सांगतो की बोललेलं काहीच उरत नाही. दुसऱ्याला सांगतो की सगळं उरलंय. दोघांची उत्तरं अदलाबदल करून पाठवली असती, तर जास्त खरी झाली असती."

साहेब हसले. खरंच हसले, त्यांना ते चांगलं वाक्य वाटलं. म्हणाले, बाई, तुम्ही शुद्धलेखन बघा ना. अर्थ बघायला आम्ही आहोत. आणि गोळीचा तुकडा जिभेने पुढे काढून पुन्हा आत ओढला.

जिन्यावरून उतरताना बाईंनी कठडा धरला नाही. त्या म्हणाल्या, या इमारतीत कशालाच हात लावावासा वाटत नाही.

घरी त्यांनी नवऱ्याला सांगितलं. ते गृहस्थ मितभाषी. तेलाने माखलेले हात फडक्याला पुसत त्यांनी सगळं ऐकलं म्हणे. मग म्हणाले, "घाण लागली तर माणूस हात धुतो. पण रोज धुवावे लागतायत म्हणजे काम बदलायला हवं. आधी त्या माणसाला फोन कर."

दुसऱ्या दिवशी बाई लवकर आल्या. आधी नर्सला पत्र लिहिलं, नंबर न वापरता. ते मी वाचलं आहे. त्यात 'दिलगीर' हा शब्द एकदाच होता. बाकी असं: आठवण बंद केल्यामुळे सोबती तुम्हाला ओळखणार नाही, हे खरं आहे. पण गप्पा शिकवणीसाठी घेणं हे वेगळं बटण आहे आणि ते तुमच्या खात्यात चालू होतं. घेतलेल्या गप्पांतून नावं यंत्र गाळतं, पण यंत्राच्या नजरेतून काही सुटू शकतं. त्यातल्या थोड्या गप्पा माणसं वाचतात. तुमच्या वाचल्या की नाही, हे मला कळू शकत नाही. बटण अमुक ठिकाणी आहे, ते बंद केलंत तर यापुढच्या गप्पा घेतल्या जाणार नाहीत. ज्या आधीच शिकवणीत गेल्या, त्या बाहेर काढता येत नाहीत. मॉडेल तुमचं नाव घेऊन हे कुणाला सांगेल, ही भीती मात्र नको. तसं ते काम करत नाही.

मग काकांना फोन लावला. मला म्हणाल्या, तूही ऐक, तुझीही सही आहे त्यावर.

बाईंनी आडवळण घेतलं नाही. सांगितलं की तुमच्याविषयीची टिपणं आमच्या चुकीने पुसली गेली आणि ती परत येणार नाहीत. ओळख परत येईल असं लिहिलं ते खोटं होतं. तो लाखभर लोकांच्या बोलण्यातून शिकतो, त्यात तुमचंही बोलणं असेल. पण मूठभर मीठ समुद्रात टाकून तेच मीठ परत मागावं, तसं ते आहे. तुमच्या बायकोविषयी तो जे सांगतो, ते त्याने त्या क्षणी बनवलेलं असतं. तुम्ही विसरलेला नाही. त्याला कधी माहीतच नव्हतं.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"म्हणजे तिला समुद्र आवडत नव्हता," काका म्हणाले.

"ते तुम्हीच सांगा," बाई म्हणाल्या.

"ती समुद्राला घाबरायची. लहानपणी भाऊ बुडाला होता तिचा. आम्ही कधी गेलोच नाही तिकडे." मग त्यांचा आवाज बदलला. "मी ते त्याला सांगितलं होतं हो. पहिल्याच महिन्यात. आणि हा मला सांगतो, तिला समुद्र आवडायचा. आणि मी... मी त्याच्यावर विश्वास ठेवला. बायकोवर नाही ठेवला, त्याच्यावर ठेवला. मागच्या आठवड्यात मी मुलाला म्हणालो, आईला समुद्र आवडायचा रे. तो बघतच राहिला."

त्यांनी शिवी दिली. नेमकी कुणाला ते कळलं नाही, आम्हालाच असावी. मग माफी मागितली. बाई म्हणाल्या, माफी नका मागू, दिलीत ते बरोबर केलंत.

मी हेडफोन काढला. माझ्या बोटांना घाम आला होता आणि हेडफोनचा काळा स्पंज ओला झाला होता. एवढी किळस मला आयुष्यात कशाची आली नव्हती. आणि ती साहेबांची नव्हती, माझी स्वतःची होती. तीनशे लोक. त्या दिवशी मी त्यातल्या चाळीसजणांना फोन केले. नऊजणांनी ऐकून घेतलं. एकीने मला खोटारडी म्हटलं, तिच्या मते सोबतीला तिची ओळख पटायला लागली होती. बाकीच्यांनी फोन उचलला नाही.

नर्सचं उत्तर तीन ओळींचं आलं. तुम्ही लोक माणसं आहात की कोण. हे आधी का नाही सांगितलं. मी तक्रार करते आहे. बाईंना वाटलं होतं खरं सांगितल्यावर निदान एक शब्द बरा येईल. तसं काही झालं नाही. खरं सांगणारीच्याच अंगावर सगळं आलं, जे खोटं सांगणाऱ्यांवर यायला हवं होतं. पण तिने तक्रार खरंच केली, सरकारी कचेरीत, बाईंचं पत्र जोडून. कंपनीला लेखी खुलासा द्यावा लागला आणि शिकवणीचं बटण पहिल्या पानावर आणावं लागलं, आठवणीच्या बटणाच्या खाली, दोन्हीचा फरक दोन ओळींत सांगून.

त्या दोन ओळी साहेबांनी बाईंकडूनच लिहून घेतल्या. भाषा तुमचीच चांगली, म्हणाले. पत्राबद्दल एक अक्षर काढलं नाही. उलट सगळ्यांसमोर टाळ्या वाजवायला लावल्या, आपल्या कंपनीत किती मोकळेपणा आहे म्हणून. बाई टाळ्यांच्या वेळी खाली बघत होत्या. त्यांनी लिहिलं होतं: 'आठवण म्हणजे तुमच्याविषयीची टिपणं, ती पुसली की सोबती तुम्हाला ओळखत नाही. शिकवणी म्हणजे तुमच्या गप्पा मॉडेल सुधारायला घेणं. त्यातल्या काही माणसं वाचतात, आणि एकदा शिकवणीत गेलेलं परत काढता येत नाही.' ॲपवर आलं तेव्हा दुसऱ्या ओळीतून माणसं गायब होती आणि शेवटी लिहिलं होतं, 'तुमच्या मदतीने सोबती आणखी प्रेमळ होतो.'

बाईंनी ते स्क्रीनवर पाहिलं. 'प्रेमळ'वर बोट ठेवलं, जणू तिथे काही सांडलंय. मग आपली पर्स घेतली, पेनं घेतली, स्पिरिटची बाटली माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "तुला लागेल." राजीनामा त्यांनी टपालाने पाठवला. साहेबांनी तो मला वाचून दाखवला. एकच वाक्य होतं, त्यात कारण दिलेलं नव्हतं. साहेबांना कारण हवं होतं, रकाना भरायला. त्यांनी 'घरगुती अडचण' लिहिलं.

काकांना डॉक्टरांनी तपासलं. वयाच्या मानाने डोकं उत्तम, म्हणाले. हे मला त्यांच्या मुलाने सांगितलं, खातं बंद करायला त्याचा फोन आला तेव्हा. मी विचारलं, आता कसे आहेत. तो म्हणाला, तसे ठीक आहेत. पण कधीकधी जेवताना मध्येच थांबतात आणि म्हणतात, आई समुद्राच्या काठी उभी दिसते रे, निळ्या साडीत. खोटं आहे हे त्यांना माहीत आहे. तरी दिसते. बाबा म्हणतात, पुसायचं बटण मला नाही.

बाई आता औषधं भरणाऱ्या एका कारखान्यात खोक्यांवरचा मजकूर तपासतात. तिथे गोळ्यांच्या बुकणीचा वास असतो आणि त्यांना तो चालतो. मी अजून मदतकक्षातच आहे. सत्तावीस नंबर यादीतून काढला. त्या जागी नवं उत्तर आलंय, 'सोबती तुमच्याशी नव्याने ओळख करून घ्यायला उत्सुक आहे.' चौदा नंबरमध्ये आता दोन ओळी वाढल्या आहेत. मी त्याखाली प्रत्येक वेळी हाताने तिसरी लिहिते, माणसं वाचतात म्हणून. अजून कुणी पकडलेलं नाही. साहेब माझ्यामागून जातात तेव्हा गोळी वाजते, आणि मी खुर्ची पुढे ओढून घेते.